केबलवर ९४, वायफायवर ४

सांगलीत विश्रामबागेतील आमच्या इमारतीत चार मजल्यांवर सोळा घरे आहेत आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. गेल्या पावसाळ्यापासून आमच्याकडचे इंटरनेट संध्याकाळी साडेसातच्या सुमारास अगदी बसायचे आणि रात्री साडेदहानंतर आपोआप पूर्ववत व्हायचे. योजना १०० एमबीपीएसची आहे. दुपारी लॅपटॉपवर वायफायने ४५ मिळत, संध्याकाळी मात्र जेमतेम ४. दोष सेवा देणाऱ्या कंपनीचा आहे असे गृहीत धरून मी दोनदा तक्रार केली, आणि दोन्ही वेळा त्यांचा माणूस सकाळी अकरा वाजता आला, त्यामुळे त्याला सगळे व्यवस्थितच दिसले.

तिसऱ्यांदा फोन करण्याऐवजी एका संध्याकाळी आठ वाजता मी लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडला. वेग आला ९४. म्हणजे बाहेरून येणारी लाइन भरगर्दीच्या वेळीही ठणठणीत होती आणि घोटाळा राउटर व लॅपटॉप यांच्यामधल्या दहा-बारा फुटांत होता. हे पाहून मी थोडा खजील झालो, कारण ही चाचणी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. खात्रीसाठी केबल काढून विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवरून, वायफायने, राउटरलाच पिंग केले, म्हणजे छोटे संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजले, इंटरनेटवरच्या कुठल्याही ठिकाणाला नव्हे. आमच्या राउटरचा पत्ता 192.168.1.1 आहे.

```
ping -n 50 192.168.1.1
```

दुपारी उत्तर २-३ मिलिसेकंदांत येत असे. आता ते १५० ते ४०० मिलिसेकंदांपर्यंत हेलकावे खात होते आणि मधूनच `Request timed out` दिसत होते.

मग आजूबाजूची नेटवर्के पाहिली. खालची कमांड देण्याआधी टास्कबारवरील वायफायची यादी एकदा उघडावी लागते, नाहीतर पुष्कळदा फक्त आपलेच नेटवर्क दिसते.

```
netsh wlan show networks mode=bssid
```

यादीत २.४ गिगाहर्ट्झ या वायफायच्या पट्ट्यावर सतरा नेटवर्के होती. हा पट्टा क्रमांक दिलेल्या चॅनलांत विभागलेला असतो. आमच्यासह नऊ चॅनल ६ वर, पाच ११ वर आणि तीन १ वर. सहावरच्यांपैकी दोघांचा सिग्नल ८० टक्क्यांच्या वर होता, म्हणजे ते भिंतीपलीकडचे किंवा थेट वरच्या मजल्यावरचे असणार. गंमत अशी की दुसऱ्या दिवशी सकाळी यादी जवळपास तशीच होती. राउटर दिवसभर आपले नाव जाहीर करत असतो, कोणी वापरो अथवा न वापरो. संध्याकाळी वाढते ती त्यावरून होणारी वाहतूक, आणि ती या यादीत दिसत नाही. म्हणूनच यादी पिंगच्या जोडीनेच वाचावी लागते.

पुढची चूक माझीच. १ आणि ६ यांच्यामध्ये ३ हा चॅनल मोकळा दिसला, म्हणून राउटर तिथे नेला, आणि वेग ४ वरून २ वर घसरला! चॅनल एकमेकांपासून ५ मेगाहर्ट्झवर असतात, पण प्रत्येक नेटवर्क निदान २० मेगाहर्ट्झ जागा व्यापते. त्यामुळे ३ वर बसलेला माणूस १ आणि ६ या दोन्हींच्या अंगावर पसरतो. एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांचे बोलणे ओळखतात आणि आपली पाळी येईपर्यंत थांबतात, पण शेजारच्या चॅनलवरचे बोलणे त्यांना बहुतेक वेळा नुसता गोंगाट म्हणून ऐकू येते, त्यात पाठवलेली माहिती बिघडते आणि पुन्हा पाठवावी लागते. गर्दीत रांगेत उभे राहणे दोन रांगांच्या मध्ये घुसण्यापेक्षा बरे. २.४ वर एकमेकांवर न चढणारे चॅनल १, ६ आणि ११ हेच धरावेत.

मी १ निवडला, कारण तिथले तिन्ही शेजारी क्षीण होते. शिवाय चॅनलची रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झवर आणली आणि ‘ऑटो’ बंद केले. आमचा राउटर चॅनल फक्त सुरू होताना निवडतो, म्हणजे सकाळी लाइट जाऊन आली की सकाळच्या शांततेवरून तो संध्याकाळचा निर्णय घेणार. रात्री आठला वेग २१ आला.

खरा फरक पडला तो ५ गिगाहर्ट्झने. आमच्या राउटरवर ते पहिल्यापासून वेगळ्या नावाने चालू होते, पण जोडणी करायला आलेल्याने घरातल्या सगळ्या उपकरणांत पहिलेच नाव घातले होते आणि मीही कधी पाहिले नाही. त्या पट्ट्यावर आम्हाला शेजाऱ्यांची दोनच नेटवर्के दिसली. टीव्ही आणि लॅपटॉप तिकडे हलवल्यावर संध्याकाळी ९० मिळू लागले.

वरच्या मजल्यावरच्या काकांना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “अहो, मी तर तुमच्यासारखाच कंपनीला शिव्या देत होतो.” त्यांचाही राउटर ६ वर, ४० मेगाहर्ट्झवर होता. तो आम्ही मिळून २० वर आणला. आमच्या मागच्या खोलीपर्यंत मात्र दोन भिंती ओलांडून ५ गिगाहर्ट्झ नीट पोहोचत नाही, तेव्हा तिथला फोन २.४ वरच ठेवला आहे आणि आठ वाजता त्याला १८-२० मिळतात.