दोन लंबक आणि ३८ सेकंद

नववीत असताना प्रयोगशाळेत पाहिलेली एक गोष्ट अजून डोळ्यांपुढून हलत नाही. सरांनी आडव्या दांडीला मीटरभर लांबीचे दोन सारखे लंबक टांगले आणि दोघांच्या दोऱ्यांमध्ये एक मऊ स्प्रिंग अडकवली. पहिला लंबक १० सेंटिमीटर ओढून सोडला, दुसरा स्थिरच ठेवला. हळूहळू दुसरा झुलू लागला, पहिला मंदावत गेला. १९ सेकंदांनी पहिला थांबला आणि सगळं झुलणं दुसऱ्याकडे गेलं. ३८ सेकंदांनी ते पहिल्याकडे परत आलं.

मी विचारलं, "सर, गरम आणि गार पाणी मिसळलं की कोमट होतं. मग हे निम्म्या-निम्म्यावर का थांबत नाही?"

"दोघांना एकाच बाजूला पाच-पाच सेंटिमीटर ओढून सोड बघू."

सोडले. दोघं जोडीनं झुलू लागले. स्प्रिंग ताणलीच जात नव्हती, जणू ती नाहीच. २० आंदोलनांना ४० सेकंद लागले. मग दोघांना विरुद्ध बाजूंना पाच-पाच सेंटिमीटर ओढलं. आता स्प्रिंग दर खेपेला मध्ये पडून त्यांना लवकर परत आणत होती, म्हणून २० आंदोलनं ३८ सेकंदांतच झाली. या दोन्ही चालींत कुणी कुणाला काही देत-घेत नव्हतं. कितीही वेळ बघा, दोघं सारखेच झुलत.

सरांनी फळ्यावर लिहिलं: ५ + ५ = १०, ५ − ५ = ०. एकट्या पहिल्याला ओढणं म्हणजे या दोन्ही चाली एकदम सुरू करणं! १९ सेकंदांत संथ चालीची साडेनऊ आंदोलनं होतात, म्हणजे ती बरोबर उलट्या टोकाला असते. जलद चालीची पूर्ण १० होतात, ती मूळ जागी असते. बेरीज केली की पहिला शून्यावर, दुसरा १० वर. ३८ सेकंदांत आंदोलनं १९ आणि २० भरतात आणि सुरुवातीची स्थिती परत येते. प्रत्येक चालीची ऊर्जा तिच्यापाशीच राहते, म्हणून पाण्यासारखं कोमट होणं इथं नाही. निम्म्यावर आल्यावरही पहिला दुसऱ्याच्या पाव आंदोलन पुढे असतो, त्यामुळे तो देतच राहतो.

घरी मी वडिलांच्या मागावरचं सूत घेऊन हेच केलं. पहिला थांबेचना, थोडा झुलतच राहायचा. स्प्रिंग काढून दोघांचे दोलनकाल वेगवेगळे मोजले तेव्हा कळलं, गोळ्याच्या वजनानं एक सूत ताणून लांब झालं होतं. लांबी सारखी नसेल तर देवाणघेवाण अर्धवट राहते. गाठ वर सरकवली आणि पहिला पुरता थांबला.

मग स्प्रिंग दोरीच्या निम्म्या उंचीवर चढवली. तिचा प्रभाव पाव उरला आणि ऊर्जेच्या फेरीला चौपट वेळ लागू लागला. तेवढ्यात हवेनं दोघांनाही थकवलं, पहिला पूर्वीइतका कधीच झुलला नाही.