तुम्ही विचारलंत म्हणून: आठ ग्रॅम

«पुस्तकाच्या किमतीवर पाठवणीचा खर्च वेगळा कशाला लावता? किमतीतच का धरत नाही?»

धरला होता. पहिल्या आवृत्तीला धरलाच होता आणि त्यातच फसलो.

पुस्तक ए-फाइव्ह आकाराचं, 320 पानी, म्हणजे 160 पाती. छपाईच्या वेळी मी 70 ऐवजी 80 जीएसएमचा कागद घेतला. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. त्या हिशेबाने नुसती पानं 348 वरून 398 ग्रॅमवर गेली. कव्हरचे 20 आणि पुठ्ठ्याचा बॉक्स, बबल रॅप, टेप यांचे 90 धरले, की पार्सल होतं 508 ग्रॅम. कुरिअरचा टप्पा 500चा. वरच्या आठ ग्रॅमसाठी प्रत्येक प्रतीला दुसऱ्या टप्प्याचे पैसे गेले. जुन्या कागदावर तेच पार्सल 458मध्ये बसलं असतं.

हे कळलं तेव्हा पाचशे प्रती घरात येऊन पडल्या होत्या. ऑफसेटला प्लेटा आणि जुळणीचा खर्च एकदाच होतो, म्हणून प्रती वाढवल्या की दर उतरतो. तेवढाच आकडा मी पाहिला. आधी त्याच कागदाची कोरी डमी बांधून घ्यायची, बॉक्समध्ये भरायची आणि काट्यावर ठेवायची, एवढं केलं असतं तर पुरे होतं.

मग बॉक्स काढून पाकिटात पाठवून पाहिलं. वजन उतरलं, पण कोपरे दुमडलेल्या प्रती परत आल्या आणि येण्याजाण्याचा खर्च माझ्यावर पडला. पुन्हा बॉक्सवर आलो.

आता तुमच्या प्रश्नाचं. 80 जीएसएमच्या दोन प्रती एका बॉक्समध्ये घातल्या की 836 ग्रॅम पुस्तकं आणि साधारण 120 ग्रॅम पॅकिंग, म्हणजे 956. टप्पे दोनच, एका प्रतीला लागतात तेवढेच. खर्च किमतीत धरला, तर दोन प्रती घेणाऱ्याकडून मी तो दोनदा घेतो. मला ते पटत नाही. एकच प्रत घेणाऱ्याला मात्र जड जातं, हे मला मान्य आहे.

दुसऱ्या खेपेला दोनशेच प्रती छापल्या, 70 जीएसएमवर. मजकूर आणि बांधणी तीच, त्यामुळे आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, तोच चालतो. मजकुरात मोठा बदल केला किंवा कापडी बांधणी काढली, तर नवा घ्यावा लागतो. पण क्रमांक तोच असल्यामुळे ऑनलाइन विक्रीच्या पानावरचं लिस्टिंगही तेच राहिलं आणि वजनाच्या रकान्यात जुना आकडा तसाच होता. नवी, हलकी प्रत घेणाऱ्यांनाही जड पार्सलचा खर्च लागत राहिला. तिथे पॅक केलेल्या पार्सलचं वजन मागतात की नुसत्या पुस्तकाचं, तेही आधी बघून घ्या.

70 जीएसएमवर मागच्या पानाची अक्षरं पुसट दिसतात. वाचकांनी कळवलं आहे, आणि उजेडात धरलं की मलाही दिसतात. तिसऱ्या खेपेचा कागद अजून ठरलेला नाही.