बाजारची वडाप

आज आत्यासोबत वस्तीवरून आठवडी बाजाराला गेले. रात्री पाऊस झाल्यानं पाणंदीत काळी माती चपलेला थरावर थर चिकटत होती. आत्या म्हणाली, "चाकोरीतनं चालू नगं, बांधाच्या कडंच्या गवतावरनं ये." एरवी अर्ध्या तासाची वाट, आज तासभर लागला. अशा चिखलात वडापचा टेम्पो आत येतच नाही, फाट्यापर्यंत पायीच जावं लागतं.

फाट्यावर ना पाटी, ना वेळ. लिंबाखाली एकच आजोबा बसलेले. आत्यानं लगेच ओळखलं, "आत्ताच भरून गेली वाटतं." माणसं आणि गाठोडी जमलेली असती, तर गाडी यायची होती असं समजायचं. वडाप घड्याळावर नाही, माणसांवर सुटते. पाऊण तासानं टेम्पो आला. आमची मेथीची दोन गाठोडी टपावर गेली, त्यांचं भाडं वेगळं. गाडी पुढच्या वस्तीवर आणखी चार माणसांसाठी थांबली, तेव्हा कुणीही कुरकुरलं नाही. उद्या आपणही असेच मागे राहिलेले असू, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

उतरताना आत्यानं आधी विचारलं, "दादा, शेवटची खेप कवा?" ड्रायव्हर म्हणाला, "पालं उतरायला लागली की निघतो." म्हणून मेथी विकतानाही तिचं अर्धं लक्ष समोरच्या कापडवाल्याच्या पालाकडं होतं. त्यानं पहिली दोरी सोडली आणि आत्यानं उरलेल्या पाच जुड्या शेजारच्या मावशीला देऊन टाकल्या. परतीच्या टेम्पोत आम्हाला बसायला जागा मिळाली. मागून आलेल्या दोघी उभ्यानं आल्या, त्यांची पिशवी मी मांडीवर घेतली.