तुम्ही विचारलंत म्हणून: माणशी एक धर्म

"हे वेगवेगळे धर्म इंग्रजांनी घडवले असं तुम्ही अभ्यासक म्हणता. मग एकनाथांच्या 'हिंदू-तुर्क संवादा'त भांडतात ते कोण?"

एकनाथांचा दाखला बिनतोड आहे. सोळाव्या शतकात ही नावं होती, त्यांवरून वादही होत. म्हणून 'हिंदू धर्म इंग्रजांनी शोधून काढला' हे सरसकट विधान मला मान्य नाही. पण एकनाथांच्या काळी प्रत्येक माणसाला एक आणि एकच धर्म असलाच पाहिजे अशी सक्ती कोणी करत नव्हतं. ती सक्ती कशी आली हे बघायचं असेल, तर १९११ची खानेसुमारी उघडावी. आपल्या गुजरातचंच उदाहरण त्यात आहे.

घरोघर फिरणारा गणतीदार धर्माच्या रकान्यात लोक सांगतील ते लिहून आणायचा. पुढे कचेरीत प्रत्येक माणसाची एक चिठ्ठी तयार व्हायची आणि चिठ्ठीच्या कागदाचा रंग धर्मावरून ठरलेला असायचा. रंगांप्रमाणे गठ्ठे लावायचे आणि मोजायचे. लाखो माणसं हातानं मोजायची तर ही पद्धत सोयीचीच होती. मात्र तिच्यात एक गृहीतक आधीच शिरलेलं होतं: दोन रंगांची चिठ्ठी नसते.

आता मतिया पाटीदार घ्या. अहमदाबादजवळच्या पिराण्याला इमामशाहांचा दर्गा आहे आणि हे त्यांच्या सतपंथाचे अनुयायी. जातीनं कुणबी. मृताला पुरण्याची त्यांच्यात रीत होती, रमजान पाळला जाई आणि होळी-दिवाळीही होत असे. त्यांच्या दृष्टीनं हा एकच सलग मार्ग होता. त्यात 'अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं' असं काही नव्हतं. 'मिश्रण' हा शब्द त्यांना बाहेरून बघणाऱ्याचा आहे, कारण दोन शुद्ध धर्म आधी गृहीत धरल्याशिवाय मिश्रण दिसतच नाही. माझ्या मते 'माणशी एक धर्म' या चौकटीवरचा खरा आक्षेप हाच आहे.

मुंबई इलाख्याच्या अधिकाऱ्यांनी गुजरातमधल्या अशा सुमारे ३५,००० लोकांसाठी 'हिंदू-मुहम्मदन' असा वेगळा गट केला. प्रामाणिक तोडगा होता. खानेसुमारीचे अखिल भारतीय आयुक्त ई. ए. गेट यांना तो पटला नाही. या लोकांना कुठल्या तरी एका बाजूला घालायला हवं होतं, असं त्यांचं म्हणणं.

याच गेटसाहेबांनी त्याच वेळी हिंदू कोणाला म्हणायचं यासाठी दहा कसोट्या काढल्या होत्या. ब्राह्मणांचं श्रेष्ठत्व आणि वेदांचं प्रामाण्य मानता का, गुरूकडून मंत्र घेता का, मोठ्या देवांची पूजा करता का, देवळात आत जाऊ देतात का, मृतांना पुरता का, गोमांस खाता का, अशा. नमुना उघड दिसतो: धर्म म्हटला की ग्रंथ हवा, पुरोहित हवा, ठरलेलं दैवत हवं. प्रॉटेस्टंट युरोपात धर्माची जी कल्पना रुळली होती, तीच इथे मोजपट्टी झाली. शाळेच्या पुस्तकात 'जगातील प्रमुख धर्म' म्हणून संस्थापक, ग्रंथ, प्रार्थनास्थळ असा तक्ता असतो, त्याचीही घडण हीच.

कसोट्या लावल्यावर मध्य प्रांत व वऱ्हाडातून आलेलं उत्तर वाचण्यासारखं आहे. हिंदू म्हणून नोंदलेल्यांपैकी एक चतुर्थांश लोक ब्राह्मणांचं श्रेष्ठत्व मानत नव्हते, निम्म्याहून अधिक लोक मान्यताप्राप्त गुरूकडून मंत्र घेत नव्हते आणि एक तृतीयांशांना देवळात प्रवेश नव्हता. व्याख्या मोडली होती, तरी रकाना टिकला. कारण तोवर त्यावर राजकारण उभं राहिलं होतं. १९०६मध्ये सिमल्याला व्हाइसरॉयना भेटलेल्या मुसलमान पुढाऱ्यांच्या शिष्टमंडळानं संख्येचा हिशेब मांडताना 'खालच्या' जातींना हिंदूंत धरण्यावर हरकत घेतली होती, आणि १९०९च्या कायद्यानं मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. आकड्याला जागांची किंमत आल्यावर मधल्या लोकांवर दोन्हीकडून ओढ सुरू झाली. १९२०च्या दशकात लोकांना हिंदू धर्मात आणणारी शुद्धी आणि इस्लामचा प्रचार करणारी तबलीग, या दोन्ही चळवळी अशाच जमातींकडे वळल्या. हे काम इंग्रजांचं नव्हतं. आपल्याच लोकांनी ती मोजपट्टी उचलली होती, आणि सगळं वसाहतीच्या माथी मारणारे इथेच चुकतात.

चौकटीवरची टीकाही कधी कधी भलतीकडे घसरते. 'धर्म हे केवळ कागदावरचं बांधकाम' असं म्हटलं की ज्यांनी त्या नावासाठी सोसलं, त्यांचं जगणंच खोटं ठरतं. बांधलेलं घरही खरंच असतं, त्यात माणसं राहतात. फक्त ते कधी बांधलं, कोणी बांधलं आणि कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवलं, हे विचारता आलं पाहिजे.

तेव्हा जुन्या खानेसुमारीतला धर्माचा आकडा पुढे करून कोणी वाद घालायला आलं, तर आधी तळटीपा आणि अहवालातलं धर्माचं प्रकरण वाचायला सांगा. तक्त्यात गुळगुळीत दिसणारी बेरीज करण्यासाठी कोणाला कुठल्या बाजूला टाकलं, ते तिथे लिहिलेलं असतं.