आमची वाटचाल : बारा टक्क्यांची चूक

रेझ्युमे लिहून देण्याचा आमचा व्यवसाय सुरू झाला तेव्हा आमच्याकडे कोणत्याही क्षेत्रातील माणूस येत असे. पुढे ऑनलाइन शिकवणी घेणाऱ्यांची संख्या वाढत गेली आणि आज आमचे बहुतेक काम त्यांचेच आहे. या बदलाला एक चूक कारणीभूत ठरली आणि ती चूक आमची होती.

गणित शिकवणाऱ्या एका बाईंच्या रेझ्युमेमध्ये आम्ही लिहिले होते, की त्यांच्याकडील ८२ टक्के बुकिंग पुन्हा येणाऱ्या विद्यार्थ्यांचे असते. आकडा त्यांनीच दिला होता आणि तो आम्हाला आवडला, म्हणून आम्ही तो वरच्या तिसऱ्या ओळीत ठेवला. मुलाखतीत त्यांना विचारण्यात आले, “म्हणजे दहा विद्यार्थ्यांपैकी आठ जण परत येतात, असे समजायचे का?” बाई अडखळल्या. त्यांनी परत येऊन आम्हाला तोच प्रश्न विचारला, तेव्हा आमच्याकडेही उत्तर नव्हते.

मग त्यांच्या पहिल्या वर्षाची संपूर्ण बुकिंग-नोंद आम्ही मागवून घेतली. त्या वर्षी २१४ तास झाले होते आणि यादीत ३८ नावे होती. प्रत्येक नावाचा पहिला तास वजा केला, की १७६ तास उरतात, आणि २१४ पैकी १७६ म्हणजे ८२ टक्के. हिशेब चुकीचा नव्हता, परंतु तो तासांचा होता आणि वाचणाऱ्याने तो विद्यार्थ्यांचा समजला होता. केवळ सहा विद्यार्थ्यांनी मिळून १२० तास घेतले होते. दर आठवड्याला नेमाने येणारे असे मोजके विद्यार्थी असले, की तासांची टक्केवारी आपोआप फुगते आणि एकाच तासानंतर निघून गेलेले विद्यार्थी तिच्यात दिसेनासे होतात.

म्हणून आम्ही विद्यार्थी मोजले. ३८ नावांपैकी तीन दुहेरी निघाली, कारण मुलाने कधी स्वतःच्या आणि कधी पालकांच्या खात्यावरून तास ठरवला होता, उरले ३५. त्यातले पाच जण शेवटच्या चार आठवड्यांत आलेले होते आणि त्यांना पुन्हा येण्यास पुरेसा अवधीच मिळालेला नव्हता, तेव्हा त्यांना ‘आले’ किंवा ‘गेले’ यांपैकी कशातच धरणे योग्य नव्हते. राहिलेल्या ३० जणांपैकी २१ जणांनी पहिल्या तासानंतर आणखी तास घेतले होते, म्हणजे ७० टक्के. आणि नऊ जणांनी दहा किंवा त्याहून अधिक तास घेतले होते. रेझ्युमेत टक्केवारीऐवजी आम्ही हेच आकडे लिहिले : ‘वर्षभरातील ३० नव्या विद्यार्थ्यांपैकी २१ जणांनी पुन्हा बुकिंग केले, ९ जणांनी १० किंवा अधिक तास घेतले.’ आकडा ८२ टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर उतरला, याचे बाईंना वाईट वाटले. परत न आलेल्या नऊ जणांपैकी चौघांनी परीक्षेच्या आधी एकाच घटकासाठी एकच तास मागितला होता. हे मात्र आम्ही कागदावर घातले नाही, मुलाखतीत विचारले तर सांगण्यासाठी राखून ठेवले.

विद्यार्थ्यांच्या प्रगतीची ओळ लिहिताना हाच नियम लागू पडतो, पण तिथे घसरणे अधिक सोपे असते. एका विद्यार्थ्याचे गुण ४० वरून ८० वर गेले, हे वाक्य खरे असूनही फसवे असू शकते, कारण शिक्षक सर्वांत चांगले उदाहरणच निवडतो. ज्या विद्यार्थ्यांचे सुरुवातीचे आणि नंतरचे, दोन्ही गुण हाताशी आहेत तेवढेच धरावेत, दोन्ही चाचण्या साधारण सारख्या काठिण्याच्या असाव्यात, आणि किती जणांचे गुण वाढले याबरोबर किती जणांचे वाढले नाहीत तेही लिहावे. विद्यार्थ्याचे नाव अर्थातच कुठेही येऊ नये.

विषयांच्या ओळीत ‘गणित’ एवढेच लिहिणे अपुरे असते. इयत्ता, परीक्षा आणि बीजगणित की कलन हे लिहिल्याशिवाय वाचणाऱ्याला काही कळत नाही. मंचांच्या बाबतीत आम्ही दोन गोष्टी वेगळ्या करतो. विद्यार्थी जिथे शिक्षकाला शोधतो तो मंच एक, आणि तास जिथे होतो ते झूम, गूगल मीट किंवा आकृत्यांसाठी वापरले जाणारे जिओजेब्रा हे निराळे. पहिल्यावरील अभिप्राय सहसा तिथेच राहतात, दुसरीकडे नेता येत नाहीत. त्यामुळे मंच सोडण्यापूर्वी बुकिंगची नोंद उतरवून ठेवावी, असे आम्ही प्रत्येकाला सांगतो.

आता आमच्या कामाची सुरुवात त्या नोंदीपासूनच होते. ती नसेल, तर पुन्हा येणाऱ्या विद्यार्थ्यांची ओळ आम्ही लिहीत नाही. आणि त्या जागी शिक्षक आजपासून कोणते चार रकाने भरू लागतील ते सांगतो : विद्यार्थ्याचे सांकेतिक नाव, तारीख, घटक आणि तास कितवा.