चौथ्या खोलीबाहेरची एक रेघ

निवासी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आग लागली होती. लांब व्हरांडा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खोल्या. धूर इतका खाली उतरला होता की गुडघ्यांवर बसलं तरी स्वतःचा हातमोजा दिसत नव्हता. पहिल्या टीमच्या सिलिंडरमधली हवा संपत आल्यामुळे ती बाहेर निघाली, आणि शोध पुढे नेण्यासाठी मी आणि माझा जोडीदार आत शिरलो.

आमच्याकडे खूण करायची पद्धत ठरलेली आहे. खोलीत शिरताना चौकटीशेजारच्या भिंतीवर खडूने एक तिरपी रेघ मारायची आणि पूर्ण फेरी करून बाहेर आल्यावरच तिला छेदणारी दुसरी मारायची. खूण गुडघ्याच्या उंचीवर करायची, कारण वर धुरात काहीच दिसत नाही. दारावर ती करत नाही. दार आत ढकललं की खूणही आत जाते. एका रेघेचा अर्थ ‘आत कोणीतरी गेलंय’ एवढाच. खोली तपासून झाली, असं ती सांगत नाही.

पहिल्या तीन खोल्यांपाशी फुल्या होत्या. चौथीपाशी टॉर्च भिंतीला टेकवून पाहिलं, तर एकच रेघ. वॉकीटॉकीवर पहिल्या टीमचा निरोप तुटक आला होता आणि त्यातलं ‘चार’ एवढंच आम्हाला कळलं होतं. चार खोल्या झाल्या की चौथी राहिली? हाक मारली, आतून उत्तर नाही. म्हणजे टीम आत नव्हती आणि फेरीही पूर्ण झालेली नव्हती.

हाताच्या मागच्या बाजूने दार खालून वर चाचपलं. फारसं तापलेलं नव्हतं. ढकललं तर पूर्ण उघडलं, तरी त्याच्या मागे हात घालून पाहिलाच. बाहेर पडायच्या धडपडीत माणसं बऱ्याचदा दारामागेच कोसळतात. जोडीदार दाराशी थांबला. त्याचं काम बोलत राहायचं आणि व्हरांड्यातल्या धुराकडे लक्ष ठेवायचं. आमची टीम नेहमी डाव्या हाताने सुरुवात करते, म्हणजे डावा हात भिंतीला. पहिली टीमही तशीच गेली असणार, म्हणून मी उलट उजव्या हाताने निघालो. त्यांच्याकडून राहिलेला भाग मला आधी लागणार होता.

रांगताना उजवा हात भिंतीवरून सुटत नाही. डावा हात आणि पाय जमिनीवरून आत, खोलीच्या दिशेने फिरत राहतात. प्रत्येक कोपरा मी ओरडून सांगत होतो, "पहिला कोपरा!" दाराकडून उत्तर यायचं, "पहिला, ऐकलं." ही मोजणी फार मोलाची असते. चौथ्या कोपऱ्यानंतर दार लागलं नाही, तर आपण भलतीकडेच शिरलोय हे त्यावरूनच कळतं.

पहिल्या कोपऱ्यापुढे कपाट लागलं, आणि कपाटापुढे पलंग. इथे फसायला होतं. हात पलंगाच्या कडेला लागतो, आपण तीच भिंत समजून पुढे सरकतो, आणि पलंग व भिंत यांच्यामधली फट तशीच राहून जाते. मी आधी गादीवरून हात फिरवला, मग खाली पाय घातला. काहीच नव्हतं. मग पलंग आत ओढून त्या फटीत शिरलो. तिथे आधी कापड लागलं, मग खांदा.

वृद्ध बाई होत्या, खिडकीखाली, दुसऱ्या कोपऱ्यालगत. डोक्यावरच खिडकी होती, पण मी ती उघडली नाही. व्हरांड्यात आग जिवंत असताना खिडकी उघडली की आगीला हवा मिळते आणि ती या खोलीकडे ओढली जाते. "सापडल्या! दुसऱ्या कोपऱ्यापासून परत येतोय," म्हटलं आणि वळलो. आता डावा हात त्याच भिंतीला आणि उजव्या हातात त्यांच्या खांद्याजवळचे कपडे. पुढे गेलो असतो तर कदाचित अंतर कमी पडलं असतं, पण ती बाजू मला माहीत नव्हती. माहीत असलेली वाट लांब असली तरी परतताना तीच धरायची. दोन्ही हात लागतील असं ओझं असेल, तर जोडीदाराच्या आवाजाच्या रोखाने जायचं. त्याने दाराशी थांबण्याचं हेही एक कारण.

त्या श्वास घेत होत्या. जिन्याशी दुसऱ्या जवानांनी त्यांना ताब्यात घेतलं.

बाहेर आल्यावर जोडीदाराने खडू काढला. मी त्याचा हात धरला. फेरी पूर्ण झाली नव्हती. पहिली टीम डावीकडून कुठपर्यंत गेली होती ते आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि एक व्यक्ती सापडली म्हणून दुसरी नसेलच असं नाही. माझा प्रेशर गेज पाहिला तर सिलिंडरमधली हवा संपत आल्याची शिट्टी वाजायला थोडाच अवकाश होता. ती साधारण 50 बारला वाजते आणि तोपर्यंत आपण बाहेर असायला हवं. रेघ एकच ठेवली आणि ‘खोली चार अपुरी’ हे खाली उतरून अधिकाऱ्यांना समोरासमोर सांगितलं.

तिसऱ्या टीमने ती खोली दारापासून दारापर्यंत पुन्हा केली. आणखी कोणी नव्हतं. दुसरी रेघ त्यांनी मारली. आग विझून धूर निघून गेल्यावर मग वेगळ्याच जवानांनी सगळ्या खोल्या सावकाश तपासल्या, फुल्या असलेल्यासुद्धा.