शेंडा हिरवागार होता, आणि आतून माड मरत होता

सल्ला केंद्राच्या अर्जात लक्षणासाठी एकच रकाना होता: झावळ्या पिवळ्या आहेत की नाहीत. सोबत झाडाचा एक फोटो जोडायचा. त्या एका रकान्यामुळे माझ्या ज्या माडावर सगळ्यांत आधी माणूस चढवायला हवा होता तो यादीत शेवटी गेला, आणि जो वर्षभर थांबला असता तरी चाललं असतं तो पहिला आला. तो राग अजून गेलेला नाही.

माड तीन होते. पहिल्याच्या खालच्या झावळ्या पिवळ्या पडलेल्या. दुसऱ्याचा शेंडा हिरवागार, घड भरलेले, फक्त मधला न उघडलेला कोंब किंचित कललेला आणि करड्या रंगाचा. तिसऱ्याखाली रोज कोवळी फळं पडत होती. केंद्राचं उत्तर पहिल्यासाठी लगेच आलं. दुसऱ्यासाठी आलं ते असं: 'पिवळेपणा नाही, झाड निरोगी.'

इथे माडाचा शेंडा वाचायचा कसा ते सांगायलाच हवं, कारण अर्ज बनवणाऱ्याने ते लक्षात घेतलं नव्हतं. माडाला वाढीचा डोळा एकच असतो, अगदी मध्यभागी. तिथून साधारण महिन्याला एक झावळी बाहेर पडते. चांगल्या वाढलेल्या माडावर एका वेळी तीसपस्तीस झावळ्या असतात. म्हणजे शेंड्यात अडीच-तीन वर्षांचा हिशेब मांडलेला असतो: मधोमध उभी ती सगळ्यांत नवी, खाली लोंबणारी सगळ्यांत जुनी. म्हणून 'पिवळं आहे का' हा प्रश्न अर्धाच. पिवळं कुठे आहे, हे विचारायला हवं.

नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं झाडाच्या आत हलतात. जमिनीतून कमी मिळाली की झाड ती जुन्या झावळ्यांतून काढून नव्यांना देतं, त्यामुळे पिवळेपणा खालून सुरू होतो. पहिल्या माडाचं तेच झालं होतं. पातींच्या कडा पिवळ्या, मधल्या शिरेलगत हिरवा पट्टा शिल्लक, आणि जिथे एका पातीची सावली दुसरीवर पडत होती तेवढा भाग हिरवा. हे मॅग्नेशियमच्या कमतरतेचं लक्षण. पालाश कमी असता तर नारिंगी ठिपके आणि करपलेली टोकं दिसली असती. मधला कोंब सरळ आणि ताजा होता. खत घातल्यावर पिवळी पडलेली झावळी पुन्हा हिरवी होत नाही, नंतर खाली येणाऱ्या झावळ्या हिरव्या राहतात का ते पाहायचं असतं. त्यामुळे तिथे घाई नव्हतीच.

दुसऱ्याला कोंबकुज होती. फायटोफ्थोरा पामिव्होरा नावाच्या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवाने होणारा हा रोग पावसाळ्यातल्या दमट, थंडाव्याच्या दिवसांत पसरतो. तो थेट त्या एकुलत्या एका डोळ्यावर येतो. खालच्या झावळ्या आधीच पूर्ण वाढलेल्या असतात, खोडातून त्यांना पाणी मिळत राहतं, म्हणून त्या कित्येक महिने हिरव्या राहतात. लागलेले नारळही पक्व होत राहतात. बाहेरून पाहणाऱ्याला झाड भरलेलं दिसतं. ज्या रोगात पिवळेपणा शेवटी येतो किंवा येतच नाही, त्यासाठी पिवळेपणाचा रकाना हीच चाळणी लावली होती.

मी पुन्हा अर्ज केला. 'फोटो अस्पष्ट, पुन्हा पाठवा.' पुन्हा पाठवला, पुन्हा तेच. फोनवर बोलणाऱ्या बाईंचा आवाज मृदू होता, पण त्यांच्या समोरच्या पडद्यावर माझा फोटो अंगठ्याएवढा दिसत होता, असं त्यांनीच सांगितलं. मग कळलं की अर्जाचं पान फोटो दाबून लहान करतं. संदेशाच्या ॲपवरून साधा फोटो पाठवला तरी तेच होतं. तिथे 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ आकारात जातो. हे कोणीतरी पहिल्याच उत्तरात लिहायला हवं होतं.

पण खरी अडचण फोटो काढण्यातच होती. माडाच्या बुंध्याशी उभं राहून वर कॅमेरा धरला की फक्त जुन्या झावळ्यांची खालची बाजू दिसते, मधला कोंब त्यांच्यामागे पूर्ण लपतो. झाडाच्या उंचीइतकं तरी लांब जायचं, जमलं तर दीडपट, आणि तिथून झूम करायचं. आजूबाजूला उंचवटा किंवा गच्ची असेल तर उत्तमच. ऊन पाठीशी हवं. आभाळ उजळ असेल तर फोन आभाळाकडे पाहून शेंडा काळा करून टाकतो, म्हणून पडद्यावर झावळीवर बोट टेकवून उजेड वाढवायचा. आभाळ पांढरंफटक झालं तरी हरकत नाही. आणि चारही बाजूंनी काढायचे. कोंब एका बाजूने सरळ दिसतो, दुसऱ्या बाजूने कललेला.

सकाळच्या पहिल्या आणि संध्याकाळच्या उन्हात काढलेला फोटो रंगासाठी बाद समजा. त्या उजेडात ठणठणीत माडही पिवळा दिसतो. मी प्रत्येक फोटोत त्याच जातीचा एक निरोगी माड येईल असं पाहिलं, म्हणजे पाहणाऱ्याला तुलनेला काहीतरी मिळतं. जात सांगणंही गरजेचं आहे, कारण केशरी बुटक्या जातींचे देठ मुळातच पिवळसर-नारिंगी असतात.

एका फोटोपेक्षा त्याच जागेवरून काही दिवसांनी काढलेला दुसरा फोटो फार बोलतो. मी जमिनीवर दगड ठेवून जागा पक्की केली होती. निरोगी माडाचा कोंब शेजारच्या झावळीच्या तुलनेत ठळकपणे वर सरकलेला दिसला. दुसऱ्या माडाचा जिथे होता तिथेच होता, फक्त करडेपणा तपकिरी झाला होता आणि कल वाढला होता. हे दोन फोटो शेजारी ठेवल्यावर मला कोणाच्या उत्तराची गरज उरली नाही, आणि ते माझं मीच पाहिलं याचा अभिमान आहे. ड्रोन मिळाला तर शेंड्याच्या किंचित वरून, तिरक्या कोनातून घ्या. अगदी डोक्यावर आणलात तर पंख्याच्या वाऱ्याने झावळ्या हलतात आणि कोंब धूसर येतो.

तरीही फोटो एका मर्यादेपलीकडे जात नाही. कोंब कलला, तपकिरी झाला, हे दिसतं. का झाला, ते दिसत नाही. गेंड्या भुंग्याने कोंब पोखरला की पुढे उघडणाऱ्या झावळीवर इंग्रजी व्ही अक्षरासारखे कापे दिसतात, ते शोधावेत. सोंड्या भुंग्याच्या माडात खोडाला भोकं, तपकिरी चिकट रस आणि चावलेले तंतू सापडतात. कोंबकुजीची खात्री मात्र हाताने आणि नाकानेच होते.

केंद्राची वाट न पाहता पाडेलीला बोलावलं. तो वर पोचला आणि म्हणाला, "दादा, हात लावला तसा सुटून आला." कोंब बुडापासून उपटून हातात आला होता. बुडाशी घाणेरडा वास, पिठूळ तपकिरी गाळ. पण खाली डोळ्याचा भाग अजून पांढरा आणि टणक होता. त्यावरच झाड वाचेल की नाही ते ठरतं.

त्याने कुजलेला सगळा भाग निरोगी पांढरा थर लागेपर्यंत खरवडून काढला. त्यावर बोर्डो पेस्ट लावली: 100 ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, 100 ग्रॅम कळीचा चुना वेगळ्या अर्ध्या लिटर पाण्यात, मग दोन्ही एकत्र. भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं, लोखंडाचं नाही. वरून पाऊस आत जाऊ नये म्हणून झाकण बांधलं, ते नवा कोंब वर येईपर्यंत राहू द्यायचं. शेजारच्या माडांच्या शेंड्यांवर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारलं, म्हणजे 100 लिटर पाण्याला मोरचूद आणि चुना प्रत्येकी एक किलो. फवारण्याआधी घासलेल्या कोयत्याचं पातं मिश्रणात बुडवून पाहिलं. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घालायचा, नाहीतर पाती जळतात. आणि पाडेलीचा कोयता दुसऱ्या माडावर जाण्याआधी धुऊन निर्जंतुक करून घ्या. मला हे आधीच्या परिच्छेदांत लिहायचं होतं, कारण घाईत हेच विसरलं जातं.

तिसऱ्या माडाचा उलगडा शेंड्याच्या फोटोत झालाच नाही. अर्जात पडलेल्या फळाचा फोटो जोडायला जागाच नव्हती, मी तो वेगळा पाठवला. माडाची बरीचशी मादी फुलं आणि बारीक फळं पहिल्या दोन-तीन महिन्यांत गळतात, ते स्वाभाविक आहे. मुठीएवढी किंवा त्याहून मोठी फळं पडू लागली की पाहायचं. पडलेल्या फळाची देठाकडची टोपी काढून फोटो घ्या. टोपीच्या कडेपासून खाली पांढुरका त्रिकोणी डाग असेल, तोच पुढे तपकिरी होऊन भेगाळत असेल, तर ती इरिओफाइड कोळी ही बारीक कीड. देठाशी ओलसर कुज असेल तर बुरशी. माझ्याकडे त्रिकोणी डाग होते. वर कोंब ताठ, झावळ्या जागच्या जागी. शेंडा पाहून हे कधीच कळलं नसतं.

दुसऱ्या माडातून पुढे नवी झावळी आली. आखूड, पाती अर्धवट कापलेल्या, पण हिरवी आणि सरळ. तिच्यानंतरची जवळजवळ पूर्ण आकाराची होती. त्या दोहोंच्या मधल्या काळात केंद्राचं शेवटचं उत्तर आलं. तिन्ही माडांसाठी एकच ओळ: मॅग्नेशियम सल्फेट घाला. पहिल्या माडाला मी ते घातलं, कारण त्याच्यासाठी ते बरोबर होतं. अर्ज भरणार असाल तर लक्षणाच्या रकान्यात फक्त हो किंवा नाही न लिहिता 'मधला कोंब तपकिरी, वाढ थांबलेली' असे शब्द लिहा, आणि पावसाळ्यात असा कोंब दिसला तर उत्तर येण्याआधीच माणूस वर चढवा.